टॅप, स्वाइप की नुसताच चुकून लागलेला हात?

मोबाइलवरच्या एखाद्या खेळात आपण विहिरीच्या चित्रावर अंगठा टेकवतो आणि विहीर निवडली जाते. आपल्या लेखी आपण 'टॅप' केलेलं असतं. फोनला मात्र टॅप नावाची गोष्ट ठाऊक नसते. काचेला काहीतरी लागलं, ते थोडं सरकलं, मग सुटलं, एवढंच तो खेळाला कळवतो. बँकेच्या किंवा बातम्यांच्या अ‍ॅपमध्ये या माहितीचा अर्थ लावायला फोनच्या यंत्रणेतले तयार भाग बरीच मदत करतात. खेळ आपला सगळा पडदा स्वतः रंगवतो, त्यामुळे टॅप कोणता, बोट ओढून केलेला स्वाइप कोणता, दोन बोटांनी चित्र जवळ-लांब करणारा पिंच कोणता आणि चुकून लागलेला हात कोणता, हे बऱ्याचदा खेळ लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. हा निवाडा चुकला की खेळणारा म्हणतो, "मी दाबलं होतं, पण झालं नाही." आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

असा एक टॅप आकड्यांत पाहू. उदाहरणासाठी इंचाला ४२० पिक्सेल असलेला फोन घेऊ आणि नकाशावर गाव वसवायचा एक खेळ मनात धरू. टॅप केला की इमारत निवडली जाते, बोट ओढलं की नकाशा सरकतो, पिंच केला की गाव जवळ किंवा लांब दिसतं. खेळणाऱ्याने विहिरीवर अंगठा टेकवून लगेच उचलला. खेळाच्या हाती आलं ते असं:

```
 0 ms   DOWN   (540, 1210)
17 ms   MOVE   (542, 1213)
33 ms   MOVE   (545, 1217)
67 ms   MOVE   (548, 1221)
92 ms   UP     (549, 1223)
```

डावीकडची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत आहे; उजवीकडे पडद्यावरची जागा. पहिला आकडा डाव्या कडेपासूनचा, दुसरा वरच्या कडेपासूनचा. अंगठा ९ पिक्सेल उजवीकडे आणि १३ पिक्सेल खाली गेला, म्हणजे सरळ रेषेत जवळपास १६ पिक्सेल सरकला. खेळणारा शपथेवर सांगेल की त्याने अंगठा हलवलाच नाही.

त्याचं खरं आहे. काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे थोडा विद्युतभार साठतो आणि बोट जवळ आलं की त्यातला काही भाग बोटाकडे वळतो. एक नियंत्रक चिप ही जाळी सेकंदाला साधारण ६० ते १२० वेळा तपासते. खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फोनांत त्याहूनही जास्त वेळा. कुठे किती भार कमी झाला ते पाहून ती एका डागाचा आकार बांधते आणि त्याचा मध्य काढते. खेळाला बोटाची जागा म्हणून मिळतो तो हा मध्यबिंदू. आता बोट टेकतं कसं ते आठवा. आधी टोक लागतं, मग पेराचा मऊ भाग चपटा होत पसरतो आणि उचलताना तोच भाग वेगळ्या क्रमाने सुटतो. डाग पसरला किंवा आकसला की त्याचा मध्य सरकतो. हात जागचा हलला नसला तरी आकडे हलतात.

म्हणून प्रत्येक खेळात एक मर्यादा ठरवावी लागते: इतक्या अंतरापर्यंत सरकलेला स्पर्श टॅप, त्यापुढे ओढणं. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, कारण ही मर्यादा पिक्सेलमध्ये लिहायचा मोह होतो. खेळ बनवण्यासाठी फार वापरल्या जाणाऱ्या 'युनिटी' या साधनात पडद्यावरची बटणं सांभाळणारा `EventSystem` नावाचा भाग आहे. त्यात `Drag Threshold` असा एक आकडा असतो. तो कुणी बदलला नाही तर १० असतो आणि ते पिक्सेल असतात. इंचाला १६० पिक्सेल असलेल्या जुन्या पडद्यावर १० पिक्सेल म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. आपल्या ४२० च्या फोनवर तेच १० पिक्सेल म्हणजे जेमतेम ०.६ मिलिमीटर. आपला १६ पिक्सेलचा टॅप तिथे ओढणं ठरतो. सरकणाऱ्या यादीत ठेवलेली बटणं मग दाबली जात नाहीत, यादी केसभर हलते आणि थांबते. दुखणं ओळखायची खूण सोपी आहे. जुन्या फोनवर बटणं नीट चालतात, नव्या महागड्या फोनवर कधी चालतात कधी नाही, आणि बोट अगदी टोकाने हलकेच टेकवलं की चालतात.

अँड्रॉइडने स्वतःसाठी ही मर्यादा ८ `dp` ठेवली आहे. एक `dp` म्हणजे इंचाचा १६० वा भाग, म्हणजे ८ `dp` कुठल्याही पडद्यावर सुमारे १.२७ मिलिमीटर भरतात. खेळात तेच करायला एक ओळ पुरते:

```
slopPx = 8 * dpi / 160
```

आपल्या फोनवर याचं उत्तर २१ पिक्सेल येतं. १६ त्याच्या आत आहे, म्हणून विहिरीवरचा स्पर्श टॅप ठरतो. फक्त एक काळजी घ्यावी लागते. काही फोन आपली घनता सांगतच नाहीत आणि युनिटीत `Screen.dpi` विचारलं तर शून्य येतं. ती शून्याची शक्यता धरली नाही तर मर्यादाही शून्य होते आणि त्या फोनवर कुठलाच टॅप लागत नाही. शून्य आलं तर पडद्याच्या लहान बाजूचा ठरावीक हिस्सा मर्यादा म्हणून धरावा.

२०१४ साली गाजलेल्या गाब्रिएले चिरुल्ली यांच्या '२०४८' या आकड्यांच्या कोड्यातही स्वाइपसाठी हाच १० चा आकडा आहे, पण तिथे तो बिघडत नाही. तो खेळ ब्राउझरमध्ये चालायला लिहिला आहे आणि वेबपानाचा पिक्सेल हा पडद्याच्या खऱ्या ठिपक्याएवढा नसून बराचसा `dp` सारखा, घनतेप्रमाणे मोठा-लहान होणारा असतो. एकाच आकड्याचा एका ठिकाणी अर्थ दीड मिलिमीटरच्या आसपास होतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या निम्माही नाही. कुणाचा तरी आकडा उचलून आपल्या खेळात घालण्यापूर्वी तो कशात मोजला आहे हे पाहायलाच हवं.

मर्यादेसोबत दोन छोटे नियम येतात. बोट एकदा मर्यादेपलीकडे गेलं की ते ओढणं ठरलं. नंतर बोट फिरून मूळ जागी आलं तरी तो टॅप होत नाही. अनेक जण बटणावर बोट ठेवतात, विचार बदलतात आणि बोट बाजूला ओढून उचलतात. ही माघार खेळाने मानली पाहिजे. दुसरं, नकाशा सरकायला लागतो त्या क्षणी बोट आधीच २१ पिक्सेल पुढे गेलेलं असतं. तेवढं अंतर वजा केलं नाही तर नकाशा सुरुवातीलाच एक हिसका देतो. खेळणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खेळ खडबडीत वाटतो.

आता वेळेचा प्रश्न. अंगठा टेकला त्या क्षणी खेळाला काहीच ठाऊक नसतं. हा टॅप असेल, ओढण्याची सुरुवात असेल, किंवा दुसरं बोट येऊन पिंच होणार असेल. पायचीतचं अपील झालं की पंच बोट वर करण्याआधी चेंडू कुठे पडला, पॅडला कुठे लागला हे मनात जुळवतो. खेळालाही तसाच निर्णय थोडा वेळ राखून ठेवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक स्पर्श आधी 'अनिर्णित' धरायचा आणि पुरावा आला की पुढे न्यायचा:

```
PENDING → TAP | DRAG | PINCH | IGNORED
```

बोट मर्यादेच्या आत राहून वेळेत उठलं तर `TAP`. मर्यादा ओलांडली तर `DRAG`. दुसरं बोट आलं तर `PINCH`. संशयास्पद असेल तर `IGNORED`, आणि तिथून तो स्पर्श बोट उठेपर्यंत परत येत नाही. निवड कुठल्या वस्तूची झाली हे ठरवताना मात्र बोट उठलं ती जागा न घेता टेकलं ती जागा घ्यावी, कारण नेम धरून बोट तिथेच टेकवलेलं असतं.

वेळ मोजताना घड्याळ कोणतं हेही महत्त्वाचं. खेळ सेकंदाला ६० चित्रं रंगवतो आणि बरेच खेळ त्या चित्रांच्या गतीनेच वेळ मोजतात. नवा भाग उलगडताना खेळ ३०० मिलिसेकंद अडखळला, तर ९२ मिलिसेकंदांचा आपला टॅप त्या घड्याळाप्रमाणे जवळपास ४०० मिलिसेकंदांचा दिसतो आणि 'बराच वेळ दाबून ठेवलं' असा अर्थ निघतो. फोन प्रत्येक स्पर्शासोबत त्याची स्वतःची वेळ पाठवतो. ती वापरायची, आणि 'दाबून ठेवलं' असं ठरवण्यापूर्वी रांगेत पडलेले सगळे स्पर्श आधी वाचायचे. थोडक्या ओळींचं काम आहे, आणि स्वस्त फोनवर खेळणाऱ्यांना त्याचा फरक सर्वाधिक जाणवतो.

दोनदा टॅप हा प्रकार मात्र मी खेळात शक्यतो ठेवू नये असं म्हणेन. अँड्रॉइड दुसऱ्या टॅपसाठी ३०० मिलिसेकंद वाट पाहतं. तुमच्या खेळात दोनदा टॅपला वेगळा अर्थ असेल, तर प्रत्येक साध्या टॅपलाही तेवढं थांबावं लागतं, आणि धावत्या खेळात एवढा उशीर बोटाला लगेच कळतो.

स्वाइपचा निवाडा थोडा वेगळा आहे. '२०४८' मध्ये बोट उठेपर्यंत थांबून सुरुवात आणि शेवट यांतला फरक काढतात. आडवं अंतर जास्त असेल तर डावी-उजवी, उभं जास्त असेल तर वर-खाली. विचार करत खेळायच्या कोड्याला हे पुरतं. 'सबवे सर्फर्स'सारख्या धावण्याच्या खेळात ते चालणार नाही, आणि त्याचं कारण नुसता उशीर नाही. फोन एका हातात उभा धरून उजव्या अंगठ्याने वर स्वाइप करून पाहा. अंगठा त्याच्या मुळाभोवती फिरतो, म्हणून त्याचं टोक सरळ वर न जाता उजवीकडे वळणारी कमान काढतं. आपल्याच फोनवर अशा एका स्वाइपचे दोन क्षण घेऊ. पहिले ५ मिलिमीटर झाले तेव्हा बोट २५ पिक्सेल उजवीकडे आणि ७९ पिक्सेल वर आहे. दिशा स्पष्टपणे वरची. बोट उठलं तेव्हा अंतर ३० मिलिमीटर झालंय आणि बोट ३७० पिक्सेल उजवीकडे, ३४० पिक्सेल वर आहे. आता आडवं अंतर मोठं. शेवटावरून ठरवणारा खेळ उडी मारण्याऐवजी धावणाऱ्याला उजव्या रुळावर नेतो आणि तो समोरच्या गाडीवर आदळतो. पहिल्या ५ मिलिमीटरवर ठरवणारा खेळ उडी मारतो, तीही लवकर.

म्हणून धावत्या खेळात स्वाइप अंतर ओलांडताक्षणी ठरवावा. पण फार आधीही नको. पहिल्या एक-दीड मिलिमीटरात तर डाग पसरण्याचीच गडबड असते, तिथली दिशा भरवशाची नाही. ५ मिलिमीटरवर दिशा तिरकी असेल, म्हणजे मोठं अंतर लहान अंतराच्या दीडपटही नसेल, तर तिथे निर्णय करू नये. ४५ अंशांच्या दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे २२ अंशांचा हा संशयाचा पट्टा होतो. त्यात सापडलेल्या बोटाला १० मिलिमीटरपर्यंत जाऊ द्यावं आणि मग जे अंतर मोठं ते मानावं. दिशा ठरली की त्या जागेला नवी सुरुवात धरावी. निष्णात खेळाडू बोट न उचलता वर, मग डावीकडे असे लागोपाठ स्वाइप करतात, आणि प्रत्येक वेळी बोट उचलायला लावलं तर त्यांचा वेग खुंटतो.

पिंचमध्ये दोन बोटं असतात, पण ती कधीच एकाच क्षणी टेकत नाहीत. आधी अंगठा येतो, त्यानंतर समजा ४५ मिलिसेकंदांनी तर्जनी. मधल्या वेळात खेळासमोर एकच बोट असतं. बोट टेकताच इमारत निवडणारा खेळ असेल तर गाव जवळ आणायच्या प्रत्येक प्रयत्नात कुठलं तरी घर निवडलं जातं. 'अनिर्णित' स्थितीमुळे हे टळतं, कारण टॅप बोट उठल्यावरच पक्का होतो आणि तोवर दुसरं बोट आलेलं असतं. अंगठ्याने नकाशा आधीच थोडा ओढला असेल तरी हरकत नाही. ओढण्यातून पिंचमध्ये जायची वाट मोकळी ठेवावी.

जवळ-लांबचं गणित गुणोत्तराने करावं. सुरुवातीला बोटांमधलं अंतर ६४० पिक्सेल होतं आणि ते ९६० झालं, तर गाव दीडपट मोठं. असं केलं की पडद्याची घनता आपोआप बाद होते. शिवाय दोन बोटांच्या मध्याखाली जमिनीचा जो तुकडा होता तो तिथेच राहिला पाहिजे, नाहीतर विहिरीवर पिंच करावा आणि समोर शेत यावं असं होतं. दोन बोटं नुसती टेकलेली असतानाही डागांचे मध्य थरथरतात, म्हणून अंतर थोडं बदलेपर्यंत काहीच हलवायचं नाही. अँड्रॉइडचा स्वतःचा पिंच ओळखणारा भाग यासाठी टॅपच्या मर्यादेच्या दुप्पट अंतर धरतो.

पिंचचा खरा दोष शेवटी उघडा पडतो. समजा अंगठा (300, 1400) वर आणि तर्जनी (700, 900) वर आहे. दोन्हींचा मध्य (500, 1150). खेळणारा आधी तर्जनी उचलतो आणि अंगठा त्यानंतर ४० मिलिसेकंदांनी. नकाशा 'सगळ्या बोटांच्या मध्या'सोबत सरकवणारा खेळ असेल, तर तर्जनी उठताच तो मध्य उडी मारून (300, 1400) वर येतो आणि गाव २०० पिक्सेल डावीकडे, २५० पिक्सेल खाली फेकलं जातं. नीट जुळवलेलं दृश्य हात काढतानाच बिघडतं. यावर मला पटणारा उपाय असा: पिंच संपताना एक बोट उरलं तर त्या बोटाची आताची जागा नवी सुरुवात मानावी आणि ते पुन्हा टॅपच्या मर्यादेपेक्षा जास्त सरकल्याशिवाय नकाशा हलवू नये. ते उठलं तर तो टॅपही मानू नये.

अँड्रॉइडवर याच क्षणी आणखी एक खड्डा असतो. तिथे प्रत्येक बोटाला एक क्रमांक असतो आणि एक ओळख. क्रमांक यादीतली जागा सांगतो, त्यामुळे पहिलं बोट उठलं की दुसऱ्याचा क्रमांक १ वरून ० होतो. ओळख मात्र बोट उठेपर्यंत तीच राहते. क्रमांकावर विसंबलेला खेळ अंगठा उठल्यावर तर्जनीलाच अंगठा समजतो आणि अंगठा एका निमिषात अर्धा पडदा ओलांडून गेला असा अर्थ लावतो. तो त्याला जोरदार स्वाइप वाटतो. क्वचितच घडणारा, पुन्हा घडवून दाखवता न येणारा स्वाइपचा घोटाळा दिसला की मी आधी इथे पाहायला सांगेन.

आता चुकून लागलेले स्पर्श. त्यातला सर्वात नेहमीचा म्हणजे फोन धरलेल्या हाताचा. फोन आडवा धरला की डाव्या अंगठ्याचं मूळ कडेला काचेवर टेकतं आणि तिथेच राहतं. त्यानंतर उजव्या हाताने केलेला खराखुरा टॅप खेळाच्या लेखी 'दुसरं बोट' ठरतो. दोन बोटं म्हणजे पिंच, असा सरळ नियम असेल तर सगळे टॅप मरतात. एकाहून जास्त बोटं असतील तर काहीच करायचं नाही, हा '२०४८' चा सावध नियमही इथे कामाचा नाही. कडेला विसावलेला अंगठा असेपर्यंत खेळ ढिम्म राहील. उपाय बोटं मोजण्यात नाही, कुठलं बोट मोजायचं यात आहे. कडेच्या काही मिलिमीटरांत टेकलेला आणि टेकल्यापासून मर्यादेच्या आतच राहिलेला स्पर्श पिंचचा जोडीदार धरू नये. तो `IGNORED` मध्ये टाकू नये, अनिर्णित ठेवावा, म्हणजे तो आत सरकला तर खरा मानता येतो.

तळव्याचा स्पर्श आकाराने ओळखता येतो. आयफोन प्रत्येक स्पर्शाची त्रिज्या `majorRadius` मधून देतो, अँड्रॉइड डागाच्या लांब अक्षाची पूर्ण लांबी `getTouchMajor()` मधून. पण या आकड्यांवर आंधळा भरवसा नको. काही फोन प्रत्येक स्पर्शाला एकच ठरलेला आकडा देतात, आणि लहान मुलाच्या बोटाचा व मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा डाग सारखा नसतो. 'अमुक मिलिमीटरपेक्षा मोठा तो तळवा' असा कायदा करण्याऐवजी याच खेळणाऱ्याच्या आधीच्या टॅपांशी तुलना करावी, आणि आकडे बदलतच नसतील तर ती कसोटी सोडून द्यावी. पावसाचे थेंब आणि निकृष्ट चार्जर यांची गोष्ट वेगळी आहे. थेंब जाळीला बोटासारखा वाटू शकतो. चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट बिंदूला थरथरवतो किंवा नसलेली बोटं उमटवतो. असे खोटे स्पर्श बरेचदा एकदोन नोंदींपुरते येतात आणि जातात. खूप कमी वेळ टिकलेल्या स्पर्शावर पैसे किंवा रत्नं खर्च होणारं काम होऊ देऊ नये, एवढं खेळाच्या हातात आहे. बाकीचं चिपच्या हातात.

कधी कधी फोन स्वतःच सांगतो की मघाचा स्पर्श खरा नव्हता. तळवा ओळखला गेला, फोन आला, किंवा कडेकडून आत ओढलेलं बोट मागे जाण्याची खूण ठरलं, तर अँड्रॉइड `ACTION_CANCEL` पाठवतं आणि आयफोन `touchesCancelled`. अँड्रॉइड १३ पासून अनेक बोटांतलं एकच रद्द झालं तर त्या बोटाच्या उठण्यावर `FLAG_CANCELED` अशी खूण येते. याचा अर्थ 'बोट उठलं' असा नसतो, तर 'हे घडलंच नाही असं समजा' असा असतो. तरीही दोन्हींना एकच वागणूक देणारे खेळ आहेत, आणि त्यात तळवा चुकून 'विकत घ्या' बटणावर पडला तर खरेदी होते. रद्द झालेल्या स्पर्शाने जे सुरू केलं होतं ते मागे घेतलं पाहिजे: सरकलेला नकाशा चालेल, उचललेली इमारत मूळ जागी गेली पाहिजे.

एक चुकीचा स्पर्श मात्र बोटाचा नसतो, पडद्याचा असतो. खेळणारा भराभर टॅप करत असताना बोटाखाली अचानक खिडकी उघडते आणि नकाशासाठी निघालेलं बोट तिच्या बटणावर पडतं. इथे दोन नियम पुरतात. बटण दिसू लागल्यापासून साधारण अर्धा सेकंद त्याने कुठलाही स्पर्श घेऊ नये, आणि बोट टेकणं व उठणं दोन्ही त्याच बटणावर झालं तरच ते दाबलं गेलं असं मानावं. काही खेळ मुद्दाम अशा क्षणी जाहिरात आणतात. तो खेळणाऱ्याच्या बोटाशी केलेला विश्वासघात आहे, असं मला वाटतं, आणि त्यातून मिळालेल्या टॅपला टॅप म्हणू नये.

हे सगळं बरोबर चाललंय का ते कळायला टेबलावर फोन ठेवून तर्जनीने टॅप करत बसणं उपयोगाचं नाही. अँड्रॉइडच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये `Pointer location` चालू केलं की प्रत्येक बोटाचा माग पडद्यावर रेघेने उमटतो. एका हाताने, चालताना, चार्जर लावून, ओल्या बोटाने खेळून त्या रेघा पाहाव्यात. त्याहून भरवशाचं काम म्हणजे वर दाखवल्यासारख्या नोंदी साठवून ठेवणं, प्रत्येकीवर खेळणाऱ्याला काय करायचं होतं ते लिहिणं, आणि मर्यादा बदलली की त्या सगळ्या नोंदी खेळाला पुन्हा भरवून निकाल तपासणं. मर्यादा २१ वरून ३० पिक्सेल केली तर हरवणारे टॅप वाचतात, पण अगदी छोटी ओढणी टॅप ठरू लागतात. किती वाचले आणि किती नवे बिघडले हे समोर दिसतं. खेळातच एक खूण मिळते ती म्हणजे लगेच केलेली माघार. एखादी खिडकी उघडताच पुन:पुन्हा बंद केली जात असेल, तर ती उघडणारा टॅप बहुधा टॅप नव्हता.

दाबून ठेवण्याच्या वेळेबद्दल एक गोष्ट राहते. हात कापणाऱ्या किंवा बोटं मंद हलणाऱ्या माणसांसाठी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'दाबून ठेवलं' मानायला किती वेळ लागावा हे वाढवता येतं. खेळाने `ViewConfiguration.getLongPressTimeout()` विचारलं तर त्या माणसाने निवडलेला आकडा मिळतो. पण युनिटीसारख्या साधनात लिहिलेला खेळ तो आपण होऊन विचारत नाही. लिहिणाऱ्याने ५०० मिलिसेकंद असं ठोकून दिलेलं असतं. मग पार्किन्सन झालेल्या आजोबांच्या फोनवर बाकी सगळं त्यांच्या बोटांना सांभाळून घेतं आणि नातवासोबत खेळायचा खेळ तेवढा नाही. ही विचारणा खेळ सुरू होताना एकदाच करायची असते.